रेकॉर्डरवरचे दोन आकडे

घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं, की माइक कुठे ठेवायचा, पेटीच्या किती जवळ, पंखा बंद करायचा का, यावर भरपूर खल होतो. मग रेकॉर्डरच्या छोट्या पडद्यावर ४४.१/१६, ४८/२४, ९६/२४ असे पर्याय दिसतात आणि बहुतेक जण त्यातला सगळ्यात मोठा निवडून मोकळे होतात. त्याने फारसं बिघडत नाही, कार्ड तेवढं लवकर भरतं. बिघडतं ते पुढे. एकाच मुद्रणातून सीडी, यूट्यूबचा व्हिडिओ आणि नातेवाइकांना पाठवायची फाइल अशी तीन रूपं काढताना हे आकडे कुणीतरी घाईघाईत बदलतं, तेव्हा.

एक बैठक डोळ्यांसमोर ठेवू. गायिका काळी चारमध्ये गाणाऱ्या, मागे तंबोऱ्यांची जोडी, साथीला तबला आणि पेटी. दिवाणखान्यात पन्नासेक माणसं, दोन माइक, अडीच तासांचं गाणं. मंडळाला व्हिडिओ टाकायचाय आणि जुन्या रसिकांना अजूनही सीडीच हवी आहे.

पहिला आकडा सॅम्पल रेटचा. माइकमधून येणारा विद्युतप्रवाह हवेतल्या कंपनांबरोबर सतत वरखाली होत असतो. रेकॉर्डर ठरावीक वेळाने त्याची उंची मोजतो आणि लिहून ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात ४८,००० मोजमापं. त्यातून २४ किलोहर्ट्झच्या खालची, म्हणजे रेटच्या निम्म्याच्या आतली, सगळी कंपनं जशीच्या तशी परत उभी करता येतात. ‘जवळपास तशी’ नव्हे. दोन मोजमापांच्या मधलं काही हरवतं आणि म्हणून ध्वनी पायऱ्यापायऱ्यांचा होतो, हा समज फार पसरलेला आहे. कागदावर काढलेल्या आकृत्यांनी तो पसरवला. त्या निम्म्या मर्यादेच्या आत लहर एकच बसू शकते आणि वाजवणारं यंत्र तीच गोलाईची लहर परत काढतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर त्याहून बराच कमी. म्हणजे ४४.१ आणि ४८ हे दोन्ही रेट कानाला पुरून उरतात.

मग ४४.१ हा विचित्र आकडा आला कुठून? संगीताशी त्याचा काही संबंध नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल ध्वनी साठवायला एवढी माहिती मावेल असं स्वस्त साधन एकच होतं, ते म्हणजे व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक आडव्या रेषेत ध्वनीची तीन मोजमापं बसवत. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. युरोपी पद्धतीत २९४ रेषा, सेकंदाला ५० वेळा. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात. १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. सिनेमा आणि टीव्हीवाल्यांनी मात्र ४८ धरला, कारण तो चित्रांच्या संख्येने नीट भागला जातो. सेकंदाला २५ चित्रं असतील तर प्रत्येक चित्रामागे बरोबर १,९२० मोजमापं. तेव्हापासून संगीताचं एक घर आणि चित्राचं दुसरं, आणि त्यांच्यात येजा करणाऱ्याच्या डोक्याला ताप.

आपल्या बैठकीसाठी ४८ घ्यावा. व्हिडिओला तोच लागतो आणि सीडीसाठी एकदाच उतरवावं लागेल. ९६ घेतला तर? त्याने ऐकण्यात फरक पडतो का, यावर लोक हिरिरीने भांडतात. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली होती. उच्च दर्जाचं मुद्रण एकदा तसंच आणि एकदा मध्ये सीडीच्या दर्जाची अडणी घालून ऐकवलं, तर ऐकणाऱ्यांना, त्यात व्यावसायिक ध्वनिमुद्रकही होते, भेद सांगता आला नाही. जुन्या टेपांचं आणि तबकड्यांचं जतन करणारी अभिलेखागारं ९६ पसंत करतात, पण त्यांची निकड वेगळी असते. टेपवरची खरखर आणि टिकटिक नंतर संगणकाने काढताना वरच्या पट्ट्यातली माहिती कामाला येते. दिवाणखान्यातल्या बैठकीला ती गरज नाही. शिवाय ९६/२४ला तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा लागते. साध्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीची. म्हणजे दोन तासांच्या पुढे रेकॉर्डर आपणहून दुसरी फाइल उघडतो आणि भैरवी नेमकी त्या सांध्यावर यायची शक्यता असते.

दुसरा आकडा बिटचा, आणि माझ्या मते मुद्रण करताना खरा उपयोगाचा आकडा हाच. प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने घ्यायचं ते हा ठरवतो. १६ बिटमध्ये उंचीच्या ६५,५३६ खुणा असतात, २४ बिटमध्ये एक कोटी ६७ लाखांहून जास्त. एक बिट वाढला की सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. त्या हिशेबाने १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४ डेसिबल. यातला दुसरा आकडा कागदावरचाच म्हणायचा. आजची उत्तम यंत्रंसुद्धा १२० डेसिबलच्या आसपास थकतात, आणि दिवाणखान्यातला पंखा, रस्ता, माणसांची चुळबुळ मिळून त्याहून कितीतरी आधी तळ गाठतात.

तरीही २४ बिट घ्यायचे, कारण त्यामुळे लेव्हल लावताना मोकळीक मिळते. बाई मंद्रात आलाप करत असतील तेव्हाची लेव्हल पाहून सुई वरपर्यंत आणली, तर तासाभराने तार षड्जावर पोहोचताच लहरीचे शेंडे कापले जातात. कापला गेलेला शेंडा परत येत नाही, मग फाइल कितीही बिटची असो. म्हणून सगळ्यात मोठी तान कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली राहील अशी लेव्हल लावायची. त्यात वरचे दोन बिट रिकामे जातात. २४ मधले दोन गेले तरी २२ उरतात आणि तेही खोलीतल्या आवाजाच्या खूप खाली पोहोचतात. १६ बिटवर एवढी जागा सोडायला हात आखडतो, म्हणून माणूस लेव्हल चढवतो आणि तिथे फसतो. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यांत लेव्हलची चिंता जवळजवळ संपते. मात्र माइकच गुदमरला तर त्यांनाही काही करता येत नाही.

आता बदल करण्याकडे येऊ. ४८/२४ची फाइल संगणकात आली. संपादनाचं सॉफ्टवेअर आतून ३२ बिट फ्लोटमध्ये हिशेब करतं, त्यामुळे आवाज वाढवणं, खोकला काढणं, पेटी थोडी मागे नेणं यातून काही बिघडत नाही. बिघडण्याची पहिली जागा सीडीसाठी १६ बिट करताना येते.

शेवटची भैरवी संपली, तबला थांबला, तंबोरे वाजत राहिलेत. मुद्रक त्यांचा आवाज आठ-दहा सेकंदांत हळूहळू शून्यावर आणतो. फाइल २४ बिटमध्ये असताना हे झुळझुळत विझतं. १६ बिट करताना खालचे आठ बिट सरळ छाटले, तर काय होईल ते आकड्यांत पाहू. कमाल मर्यादेच्या ६० डेसिबल खाली असलेला तंबोऱ्याचा एखादा सूर १६ बिटच्या पट्टीवर ३३ खुणांएवढा उंच असतो, तिथवर ठीक. ८० डेसिबल खाली गेला की उरतात तीन खुणा. आता जवारीचा तो भरलेला, उलगडत जाणारा सूर तीन पायऱ्यांच्या जिन्यावरून चढउतार करतो. खरी गोलाई आणि जिना यांतला फरक म्हणजे चूक, आणि ही चूक सुराला चिकटून येते. सूर हलला की तीही हलते, म्हणून ती सुरसुरीसारखी मागे राहत नाही. ऐकू येतो तो कोरडा, वाळूसारखा चरचराट. आणखी थोडं खाली गेलं की तो सूर एकाएकी तुटतो, मध्येच फुटफुट करून परत येतो आणि गप्प होतो.

इथे एक गंमत आहे. गाणं चालू असताना हे कधीच ऐकू येत नाही आणि त्याचं कारण गाण्याचा मोठा आवाज एवढंच नाही. खोलीचा, माइकचा, रेकॉर्डरचा मिळून जो बारीक ‘श्श्श’ मुद्रणात असतो तो १६ बिटच्या शेवटच्या खुणेपेक्षा मोठा असतो. तो मोजमापांना सतत थोडं हलवत ठेवतो, त्यामुळे छाटणीची चूक सुराला चिकटत नाही, विखरून जाते. पण मुद्रक आवाज शून्यावर आणतो तेव्हा तंबोऱ्याबरोबर हा ‘श्श्श’ही मावळतो. राखण करणारा गेला की चूक उघडी पडते. म्हणूनच ‘मी कितीदा छाटलं, कधी काही जाणवलं नाही’ असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी हेडफोनवर आवाज चढवून शेवटचे चार सेकंद ऐकलेले नसतात, एवढंच.

उपाय जुना आणि ऐकायला उफराटा आहे. छाटण्याआधी मुद्दाम थोडी सुरसुर मिसळायची. तिला डिदर म्हणतात. शेवटच्या खुणेच्या आसपासची, अगदी बारीक आणि बेहिशेबी अशी ही सुरसुर. तिने मोजमाप कधी वरच्या खुणेला जातं, कधी खालच्या, आणि किती वेळा कुठे जातं यात खऱ्या उंचीची माहिती टिकून राहते. १९८४ मध्ये वँडरकूय आणि लिपशिट्झ या कॅनडातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की योग्य डिदर असेल तर शेवटच्या खुणेहून लहान सूरही टिकतो आणि ऐकू येतो. मग तंबोरा विझताना चरचरत नाही, टेपच्या हिसहिसाटाहून खूप मंद अशा सुरसुरीत मिसळून जातो. सॉफ्टवेअरमध्ये फाइल बाहेर काढताना ‘dither’ असा पर्याय असतो, तो चालू आहे का ते बघायचं. नियम एकच. बिट कमी करायचं काम सगळ्यात शेवटी आणि एकदाच. १६ बिटची फाइल करून मग ‘अरे, शेवट जरा लवकर मावळवू’ म्हणत पुन्हा हात घातला, की पुन्हा हिशेब, पुन्हा छाटणी. २४ बिटच्या मूळ फाइलकडे परत जायचं आणि तिथे बदलायचं.

उलट दिशेने, १६चे २४ केल्याने काही बिघडत नाही आणि काही मिळतही नाही. खाली आठ शून्यं लागतात. ४४.१ची फाइल ९६ करून ‘हाय-रेझ’ म्हणून विकणारेही असतात. स्पेक्ट्रोग्राम काढला की २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते, वर नुसता काळोख. त्याहून वाईट प्रकार घरोघरी होतो. ब्लूटूथ हेडसेटच्या माइकवरून फोनमध्ये मुलाखत मुद्रित करायची. हेडसेटचा माइक बोलण्यासाठीच्या जोडणीवर आला की रेट बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतो. फाइलवर ४४.१ लिहिलेलं असतं, आत मात्र ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं, आणि ‘स’ कुठला, ‘फ’ कुठला हे ओळखता येत नाही. ते कुठल्याच बदलाने परत येणार नाही.

बिघडण्याची दुसरी जागा ४८ वरून ४४.१ वर उतरताना. ९६चे ४८ करायचे तर हिशेब सोपा, निम्मेच ठेवायचे. ४८,००० आणि ४४,१०० यांचं गुणोत्तर मात्र १६० ला १४७ असं अडनिडं आहे. नवी मोजमापं जुन्यांच्या मध्येच कुठेतरी पडतात आणि तिथे लहर किती उंच होती ते काढावं लागतं. चांगलं सॉफ्टवेअर त्यासाठी अलीकडची-पलीकडची पुष्कळ मोजमापं धरून खरी गोलाई काढतं. आळशी सॉफ्टवेअर शेजारच्या दोन मोजमापांना सरळ रेघेने जोडतं आणि रेघेवरचा बिंदू उचलतं. त्यातून भूत उभं राहतं. सिनेमात टांगा पुढे धावतो आणि चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार: जे वेगाने घडतंय ते अपुऱ्या मोजमापांत पकडलं, की ते दुसऱ्याच वेगाचं भासतं.

आकड्यांत सांगतो. समजा टाळांच्या आवाजात १० किलोहर्ट्झचा एक स्पष्ट सूर आहे. सरळ रेघ मारून ४८ चे ४४.१ केले, तर त्याचं भूत ६.१ किलोहर्ट्झवर उमटतं आणि ते मूळ सुरापेक्षा फक्त २३ डेसिबलने खाली असतं. म्हणजे कान न देताही ऐकू यावं इतकं. मूळ सूर १२ वर गेला तर भूत ८.१ वर. ३.९ म्हणजे दोन रेटमधला फरक, तेवढं अंतर राखून ते मागोमाग येतं आणि मूळ सुराशी त्याचं स्वरनातं काहीच नसतं. ख्यालात हे कमी जाणवेल, कारण बाईंच्या गळ्याची बरीचशी ताकद ५ किलोहर्ट्झच्या खाली असते आणि तिथली भुतं फार क्षीण. भजनाच्या मुद्रणात मात्र टाळ-झांजा पत्र्यासारख्या वाजू लागतात.

आपलं सॉफ्टवेअर आळशी आहे का, हे तपासायला कान लागत नाहीत. हळूहळू चढत जाणारा एकच सूर तयार करायचा. `sox` या फुकट मिळणाऱ्या साधनात तो असा होतो:

```
sox -n -r 48000 -b 24 sweep.wav synth 10 sine 100:20000 gain -6
```

ही फाइल आपल्या सॉफ्टवेअरमधून ४४.१ वर उतरवायची आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम बघायचा. डावीकडून उजवीकडे चढणारी एकच तिरकी रेघ दिसली तर छान. तिच्याशिवाय आणखी एखादी रेघ, खाली येऊन परत वर वळणारी, ठळक दिसली तर ते सॉफ्टवेअर या कामाला वापरू नये. त्याच साधनाने बैठकीची सीडीची फाइल एका ओळीत निघते:

```
sox -G baithak-48-24.wav -b 16 baithak-cd.wav rate -v 44100 dither
```

क्रम पाहण्यासारखा आहे: आधी रेट, मग डिदर. सुरुवातीचा `-G` याच्यासाठी की रेट बदलला की नवी मोजमापं लहरीच्या वेगळ्या जागी पडतात आणि कधी कधी जुन्या दोघांच्या मधला, आधी न मोजलेला शेंडा त्यांत सापडतो. फाइल आधीच कमाल मर्यादेला टेकवलेली असेल तर तो कापला जातो. एक-दोन डेसिबल जागा सोडलेली असली की हा प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त घाबरवणारा आणि प्रत्यक्षात सगळ्यात निरुपद्रवी. सीडी वाजते आणि बाई म्हणतात, ‘‘अहो, ही माझी पट्टी नव्हे.’’ मुद्रक म्हणतो, ‘‘ताई, फाइलला मी हात लावला नाही.’’ दोघंही खरं बोलत असतात. ४८ची फाइल ४४.१च्या प्रकल्पात न बदलता आत घेतली गेली, मोजमापं तीच राहिली आणि ती सावकाश वाजू लागली. गाणं दीड स्वराला थोडं कमी, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीच्या जवळपास खाली उतरतं. काळी चार होती ती पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधोमध कुठेतरी जाते. तिथे पट्टीच नाही, म्हणून पेटीवाल्यालाही ती सापडत नाही. लय तेवढीच रेंगाळते. उलट चूक झाली, ४४.१ची फाइल ४८ म्हणून वाजली, तर आवाज तितकाच चढून किरटा होतो.

इथे आवाज वर उचलण्याचं साधन वापरायचं नाही. ते सॉफ्टवेअर लहरीचे तुकडे करून पुन्हा जोडतं आणि तंबोऱ्याला भोवरा लागल्यासारखं होतं. मोजमापं शाबूत आहेत, वरची चिठ्ठी तेवढी चुकली आहे. चिठ्ठी बदलली की झालं:

```
sox -r 48000 chukiche.wav barobar.wav
```

ऑडॅसिटीत हेच काम ट्रॅकच्या नावावर दाबून येणाऱ्या यादीतल्या ‘Rate’मध्ये होतं. ‘Tracks’खालचं ‘Resample’ हे वेगळं, ते खरोखर मोजमापं बदलतं. या दोघांची गल्लत झाली की निरुपद्रवी चूक कायमची होते. आणि पट्टी ओळखणारं कुणी जवळ नसेल तर घड्याळ आहे. एक तासाचं गाणं या चुकीमुळे ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं, तेव्हा फाइलची लांबी रेकॉर्डरवर दिसलेल्या वेळेशी ताडून पाहायची.